पहिला भात की मागचा भात? ग्लायसेमिक लोड आपल्या ताटावर कसा मोजायचा

मधुमेहाचं निदान झालं की आठवड्याभरात कुणीतरी एक तक्ता पाठवतं. त्यात कलिंगड लाल रंगात असतं, आइस्क्रीम हिरव्यात आणि बटाट्याचे वेफर्स पिवळ्यात. माणूस गोंधळतो. कलिंगड सोडायचं आणि आइस्क्रीम खायचं? तक्त्यातले आकडे खोटे नसतात. ते कशाचे आहेत हे मात्र तक्त्यावर लिहिलेलं नसतं.

हा लेख अशा गोंधळलेल्या नवख्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून आपलं रोजचं दुपारचं जेवण घेऊ: वरण, भात, पोळी, भाजी. हातात एक किचन वजनकाटा, एक ग्लुकोमीटर आणि थोडा धीर असला की पुरे.

पायरी १: तक्त्यातला आकडा कुठून आला ते समजून घ्या

ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे जीआय, ही कल्पना टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. पद्धत अशी: साधारण दहा माणसांना रात्रभर उपाशी ठेवून सकाळी एकच पदार्थ खायला द्यायचा. तो इतका द्यायचा की त्यातून पचणारी कर्बोदकं बरोबर ५० ग्रॅम मिळतील. मग दोन तास ठरावीक अंतराने बोटातून रक्त घेऊन साखर मोजायची आणि आलेख काढायचा. दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना ५० ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि पुन्हा आलेख काढायचा. ग्लुकोजच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ १०० धरलं, तर पदार्थाचं किती येतं, तो झाला त्याचा जीआय. ५५ किंवा कमी असेल तर कमी, ५६ ते ६९ मध्यम, ७० आणि वर जास्त.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पदार्थ एकटा खाल्लेला होता, आणि किती खायचा हे ५० ग्रॅमच्या नियमाने ठरवलं होतं, भुकेने नाही. कलिंगडाच्या शंभर ग्रॅम गरात जेमतेम सात-आठ ग्रॅम कर्बोदकं असतात. ५० ग्रॅम भरायची तर माणसाला साताठशे ग्रॅम गर एका बैठकीत खावा लागेल. कलिंगडाचा जीआय ७६ येतो तो असा. आइस्क्रीमचा ५१ येतो, कारण त्यातली मलई पोटातून साखर हळूहळू पुढे जाऊ देते. म्हणजे जीआय कमी असणं आणि पदार्थ रोज खाण्याजोगा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक फसगत: काही जुन्या तक्त्यांत ग्लुकोजऐवजी पांढरा पाव १०० धरलेला असतो. त्यात बऱ्याच पदार्थांचे आकडे शंभराच्याही वर गेलेले दिसतात. तसं दिसलं तर आकड्याला ०.७ ने गुणा, म्हणजे ग्लुकोजच्या मापावर येईल.

पायरी २: ग्लायसेमिक लोडचा गुणाकार

‘किती खाल्लं’ हा प्रश्न जीआय विचारतच नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी १९९७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ग्लायसेमिक लोड, म्हणजे जीएल, वापरात आणला. हिशोब चौथीतल्या मुलालाही येईल असा आहे:

जीएल = जीआय × वाढपातली कर्बोदकं (ग्रॅममध्ये) ÷ १००

एका वाढपासाठी १० पर्यंत कमी, ११ ते १९ मध्यम, २० आणि त्याहून वर जास्त. कलिंगडाची एक मोठी फोड, १२० ग्रॅम गर, त्यात धरा ९ ग्रॅम कर्बोदकं. ७६ गुणिले ९ भागिले १००, म्हणजे ७ च्या आत. कलिंगड लाल रंगातून थेट हिरव्यात आलं.

आता भाताकडे वळू. उकडलेल्या पांढऱ्या भाताचा जीआय आंतरराष्ट्रीय तक्त्यांत सरासरी ७३ च्या आसपास दिला आहे. पण ही सरासरी फार पसरट आहे. तांदळाच्या जातीनुसार तो पन्नाशीपासून ऐंशीच्या वरपर्यंत जातो. मोकळा शिजणाऱ्या बासमतीसारख्या तांदळात अमायलोज नावाचा स्टार्च जास्त असतो आणि तो सावकाश पचतो. चिकट शिजणाऱ्या तांदळात तो कमी असतो. तुमच्या घरच्या इंद्रायणीचा किंवा आंबेमोहोराचा नेमका आकडा शोधत बसू नका, ७३ धरून चाला. तक्त्यातला जीआय दहाने इकडेतिकडे झाला तर जीएल थोडासाच हलतो, पण मूद एकाच्या दोन झाल्या तर तो दुप्पट होतो.

पायरी ३: घरातला भात एकदा मोजा

हे एकदाच करायचं आहे. तांदूळ धुण्याआधी कोरडे मोजा. समजा २०० ग्रॅम आहेत. शंभर ग्रॅम कोरड्या पांढऱ्या तांदळात साधारण ७८ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे दोनशेत १५६. भात शिजला की पातेल्यासकट वजन करा आणि रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करा. समजा ५६० ग्रॅम भात झाला. १५६ भागिले ५६०, म्हणजे शंभर ग्रॅम भातात २८ ग्रॅम कर्बोदकं. तुमच्याकडे भात आसट, जास्त पाण्याचा होत असेल तर हा आकडा कमी येईल, फडफडीत होत असेल तर वाढेल.

मग ज्या वाटीने तुम्ही मूद पाडता ती वाटी भरून एकदा काट्यावर ठेवा. बऱ्याच घरांत ही मूद १२० ते १३० ग्रॅमची निघते. १३० धरली तर ३६ ग्रॅम कर्बोदकं, आणि जीएल ३६ × ७३ ÷ १०० = २६. एका मुदीतच ‘जास्त’ची रेघ ओलांडली गेली.

पोळीचंही तसंच. ३० ग्रॅम कणकेच्या मध्यम पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या चपातीचा जीआय ५२ च्या आसपास, म्हणजे एका पोळीचा जीएल १०. या हिशोबात भाकरी मात्र अनेकांना चकवते. ‘भात सोडला, आता ज्वारीची भाकरीच खातो’ असं म्हणणाऱ्यांनी एका भाकरीचं पीठ मोजून पाहावं. हातावर थापलेली जाडजूड भाकरी ७० ग्रॅम पिठाची सहज असते आणि त्यात ४७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात. वर मोजलेल्या मुदीपेक्षा हे जास्तच झालं. भाकरी वाईट नाही, तिच्यात तंतू आहेत, पोट भरतं. पण ती मोजणीतून सुटत नाही. ब्राऊन ब्रेडचंही तेच: गहू बारीक दळला की कोंडा असूनही पावाचा जीआय पांढऱ्या पावाच्या जवळपासच राहतो.

पायरी ४: नेहमीचं ताट मांडून बघा

समजा एका पन्नाशीतल्या व्यक्तीला टाइप २ मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, इन्शुलिन नाही. दुपारचं ताट असं: दोन मुदी भात, दोन पोळ्या, पातळ वरण, बटाट्याची भाजी.

भाताचे दोन मुदींचे ७३ ग्रॅम कर्बोदकं आणि जीएल ५३. दोन पोळ्यांचे ४० ग्रॅम, जीएल २१. पातळ वरणात जेमतेम १५ ग्रॅम डाळ, त्यातून ८ ग्रॅम, जीएल २ ते ३. शंभर ग्रॅम बटाट्याचे १६ ग्रॅम, उकडलेल्या बटाट्याचा जीआय ७८, म्हणून जीएल १२. एकूण सुमारे १३७ ग्रॅम कर्बोदकं, जीएल ८९. प्रथिनं सगळी मिळून १८ ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलीही बरीचशी तांदूळ-गव्हातून आलेली.

या ताटात भाजी हीसुद्धा पिठूळ आहे हे पाहा. पोळीबरोबर बटाटा खाणं म्हणजे कर्बोदकांनी कर्बोदकं खाणं.

आता बदललेलं ताट: एक मूद भात, एक पोळी, ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, ३० ग्रॅम मटकीची उसळ, भेंडीची किंवा पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, वाटीभर दही. भात २६, पोळी १०, वरण ५, उसळ ५, दह्याचे एक-दोन. जीएल साधारण ४८ आणि कर्बोदकं नव्वदीच्या आसपास. नुसत्या बेरजेनेच भार जवळजवळ निम्म्यावर आला.

प्रथिनं किती झाली? २२ ग्रॅमच्या आसपास. एवढं करूनही चारच ग्रॅम वाढली, कारण भात-पोळी कमी केल्यावर त्यांच्यातली प्रथिनंही गेली. ‘डाळ म्हणजे प्रोटीन’ हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत प्रथिनं २२ ग्रॅम आणि कर्बोदकं ५५ ग्रॅम असतात हे ऐकून लोक दचकतात. डाळीचा जीआय कमी आहे, तिच्यात तंतू आहेत, म्हणून ती चांगली. पण ताटात प्रथिनांचं वजन खरोखर वाढवायचं तर जोडीला ५० ग्रॅम पनीर, दोन उकडलेली अंडी किंवा बांगड्याची एक तुकडी लागते. यातल्या कशानेही आणखी दहा-बारा ग्रॅम मिळतात आणि जीएल जागचा हलत नाही.

याच ठिकाणी जीएलची मर्यादाही कळते. जीएल ही पदार्थांची सुटीसुटी बेरीज आहे. वरणावर तूप घातलं, अंडी आधी खाल्ली की नंतर, यातलं काहीच तिला दिसत नाही. ते पुढच्या पायरीत.

पायरी ५: प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ नेमकं काय करतात

खाल्लेल्या स्टार्चचं ग्लुकोज जठरात होत नाही, त्याचा मुख्य कारभार लहान आतड्यात चालतो. त्यामुळे साखर किती वेगाने चढणार हे बरंचसं जठराच्या खालच्या तोंडावर ठरतं. जठर अन्नाचा लगदा थोडाथोडा करून पुढे सोडतं. धरणात पाणी तेवढंच असतं, पण दारं किती उघडायची यावर खालच्या गावात पूर येणार की नदी भरून वाहणार हे ठरतं, तसंच काहीसं इथे आहे.

ही दारं कोण आवळतं? लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना चरबी किंवा प्रथिनांचे तुकडे लागले की त्या कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-१ अशी संप्रेरकं सोडतात. त्यांचा निरोप जठराला जातो आणि जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो. चरबीचा हा परिणाम जोरदार असतो. प्रथिनं दोन कामं करतात. तीही जठराचा वेग कमी करतात, शिवाय त्यांतली अमिनो आम्लं आणि जीएलपी-१ मिळून स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात. टाइप २ मधुमेहात ग्लुकोजला मिळणारा इन्शुलिनचा प्रतिसाद मंद झालेला असला, तरी अमिनो आम्लांना तो बऱ्यापैकी मिळतो. म्हणूनच ग्रॅमला ग्रॅम पाहिलं तर जेवणानंतरची साखर आवरण्यात प्रथिनं चरबीपेक्षा सरस ठरलेली दिसतात.

आता तुपाचं. ‘भातावर तूप घातलं की शुगर वाढत नाही’ हे वाक्य सगळीकडे फिरतं. तूप घातल्याने भाताचा जीआय कमी मोजला जातो हे खरं, पण एका मुदीतली ३६ ग्रॅम कर्बोदकं तूप खाऊन टाकत नाही. ती उशिरा का होईना, रक्तात येतातच. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम तुपाने चढ जरासा मंदावेल, त्यात ४५ कॅलरी वाढतील आणि वरण-भात चविष्ट होईल. त्या एका चमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण साखर कमी व्हावी म्हणून चमच्यांवर चमचे ओतणं हा उलटा व्यवहार आहे.

त्याचं कारण चरबीच्या दुसऱ्या बाजूत आहे. जेवणात चरबी बरीच असली तर पहिल्या तासाचा चढ दबतो खरा, पण तिसऱ्या-चौथ्या तासाला साखर अजून वरच रेंगाळताना दिसते. जठर उशिरा रिकामं होतं हे एक. दुसरं, रक्तात वाढलेली मेदाम्लं इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात. इन्शुलिन घेणाऱ्या टाइप १ च्या मंडळींना हे पिझ्झ्यामुळे चांगलंच ठाऊक आहे: झोपताना साखर ठीक, मध्यरात्री चढलेली.

आपला पिझ्झा म्हणजे एकादशीची साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च, शंभर ग्रॅममध्ये ८७-८८ ग्रॅम कर्बोदकं आणि प्रथिनं नावाला. ७५ ग्रॅम साबुदाण्याच्या एका बशीत ६६ ग्रॅम कर्बोदकं झाली. त्यावर ३० ग्रॅम शेंगदाण्याचं कूट म्हणजे ८ ग्रॅम प्रथिनं आणि १४-१५ ग्रॅम चरबी, शिवाय फोडणीचं तूप आणि आत पडलेला बटाटा. तासाभराने मोजलं तर आकडा तितकासा घाबरवणारा येणार नाही, आणि माणूस म्हणतो, ‘बघा, मला साबुदाणा चालतो.’ त्याने चार तासांनी पुन्हा एक स्ट्रिप खर्च करायला हवी.

पायरी ६: खाण्याचा क्रम उलटा करा

चरबी आणि प्रथिनं आतड्यात पोचल्यावरच दारं आवळतात. मग ती भाताच्या आधी पोचली तर? हा प्रश्न न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये तपासला. मेटफॉर्मिन घेणारी, टाइप २ मधुमेह असलेली ११ माणसं. जेवण दोन्ही वेळा तेच: पाव, संत्र्याचा रस, चिकन, सॅलड, ब्रोकोली. एकदा पाव आणि रस आधी, पंधरा मिनिटांनी बाकीचं. दुसऱ्यांदा चिकन-भाज्या आधी, पंधरा मिनिटांनी पाव आणि रस. दुसऱ्या क्रमात अर्ध्या तासाची साखर सुमारे २९ टक्के, एका तासाची ३७ टक्के आणि दोन तासांची १७ टक्के कमी आली. प्रयोग लहान होता, हे विसरायचं नाही. पण जपानमध्ये भाताआधी भाज्या देऊन केलेल्या प्रयोगांचा कलही त्याच बाजूला आहे.

आता आपली पद्धत आठवा. पान वाढलं की पहिला येतो वरण-भात, वर तूप आणि लिंबू. मग पोळी-भाजी, आणि शेवटी ताक किंवा दही घालून मागचा भात. म्हणजे सकाळपासून रिकाम्या असलेल्या पोटात सगळ्यात आधी जाते ती मऊ शिजलेली मूद. मधुमेह असलेल्याने पहिला भात सोडून मागचा ठेवावा, हा मी देईन तो सगळ्यात स्वस्त सल्ला. ताटात काहीच वाढवायचं नाही, फक्त क्रम बदलायचा.

प्रत्यक्षात असं करा. बसल्याबसल्या कोशिंबीर, उसळ, आणि पनीर, अंडी किंवा मासे यांपैकी जे असेल ते खा. घट्ट वरण वाटीने प्या. यात दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. मग पोळी-भाजी. भात शेवटी, दह्याबरोबर. सणाच्या पंगतीत कुणी ‘आधी वरण-भात घ्या’ म्हणून आग्रह केला तर दोन घास घ्या आणि पुढे चला. जेवणात पंधरा मिनिटांचा खंड पाडणं रोज जमत नाही. अधेमध्ये न थांबता नुसता क्रम पाळलात तरी काही फायदा मिळतो, खंड पाडला तर जास्त.

पायरी ७: स्वतःवर मोजा, आणि नीट मोजा

तेच वरण-भाताचं बदललेलं ताट दोन वेगळ्या दिवशी घ्या: एकदा भात आधी, एकदा भात शेवटी. वजन तेच, औषधांची वेळ तीच, जेवणाची वेळ तीच. एका दिवशी जेवून शतपावली आणि दुसऱ्या दिवशी वामकुक्षी असं झालं तर तुम्ही क्रम नाही, चालणं मोजलंत.

जेवणाआधी एक स्ट्रिप, मग पहिल्या घासापासून एक तासाने आणि दोन तासांनी. जेवण उरकल्यापासून मोजू नका. शांतपणे जेवणाऱ्याचा त्यातच अर्धा तास निघून जातो. जेवण तेलकट-तुपकट असेल तर चार तासांनी आणखी एक. हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला आंब्याचा रस किंवा गूळ लागलेला असला तर मीटर त्याचीही साखर मोजतं आणि आकडा खोटा वर जातो.

आकडा वाचताना मीटरची कुवत लक्षात ठेवा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार शंभराच्या वरच्या वाचनात १५ टक्क्यांपर्यंत चूक चालते. म्हणजे खरी साखर १८० असली तर मीटर १५३ ते २०७ च्या दरम्यान काहीही दाखवू शकतं. एका दिवशी १७२ आणि दुसऱ्या दिवशी १६१ आलं तर त्यावरून काहीच ठरवू नका. चाळीस-पन्नासचा फरक आला, आणि पुन्हा तसं केल्यावर तो पुन्हा आला, तर त्याला अर्थ आहे. जेवण सुरू केल्यापासून एक-दोन तासांच्या टप्प्यात १८० च्या आत राहावं हे बहुतेकांसाठीचं लक्ष्य. वय, गरोदरपण आणि इतर आजारांनुसार डॉक्टर ते बदलतात.

चार तासांचा आकडा दोन तासांच्या आकड्यापेक्षा जास्त किंवा जेमतेम तेवढाच आला तर ताटातली चरबी जास्त झाली असं समजा. एक तासाचाच आकडा उंच आणि दोन तासांचा बराच खाली असेल तर कर्बोदकं एकदम सुटली, म्हणजे क्रम आणि प्रथिनांकडे पाहा. दोन्ही आकडे उंच असतील तर क्रमाच्या खटाटोपात न पडता आधी मूद लहान करा.

हे कुणी परस्पर करू नये

इन्शुलिन घेणारे, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणारे: तुमच्या औषधाचा डोस जुन्या ताटावर बेतलेला असतो. भात निम्मा केला आणि डोस तोच ठेवला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. क्रम बदलला तरी साखर उशिरा येते, इन्शुलिन मात्र वेळेवर येतं. डॉक्टरांशी बोलूनच बदल करा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती वाढवायची हेही त्यांनाच विचारा. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात काहींचं जठर मुळातच मंद झालेलं असतं, थोडं खाल्लं तरी पोट तासन् तास जड राहतं, उलटीसारखं होतं. अशांनी चरबी वाढवून ते आणखी मंद करू नये.

आणि साखर उतरल्यावर, म्हणजे ७० च्या खाली, हात थरथरायला लागले, घाम फुटला, की वरचे सगळे नियम उलटे करायचे. तेव्हा बेसनाचा लाडू, चॉकलेट, पेढा असं काही देऊ नका, कारण त्यांतली चरबी साखरेला अडवून धरते. तीन चहाचे चमचे साखर किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्या. माणूस बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, त्याला थेट दवाखान्यात न्या. साखर वर आल्यावर, पुढचं जेवण लांब असेल तर, पोळी आणि दूध किंवा मूठभर शेंगदाणे द्या.